तीन दिवस म्हणजे नेमके किती? : देवगड तालुक्यातल्या एका हायब्रिड नोकरीचं प्रकरण

या प्रकरणातली व्यक्ती माझ्या ओळखीची आहे. नाव, गाव आणि कंपनीचे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. तारखा आणि आकडे मात्र तिच्या डायरीतलेच ठेवलेत, कारण सगळा गुंता आकड्यांतच होता. मी बरीच वर्षं पुण्यात मनुष्यबळ विभागात काढली. आता कणकवलीत राहून लहान कंपन्यांची पगारपत्रकं आणि धोरणं बघतो. अशी धोरणं मीही लिहिली आहेत, त्यामुळे त्यातल्या कुठल्या वाक्यात काय दडवलेलं असतं याची थोडी कल्पना आहे.

## पार्श्वभूमी

मानसी (बदललेलं नाव) नवी मुंबईतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम बघते. २०२०च्या टाळेबंदीत ती नवरा आणि दीड वर्षाच्या मुलासह सासरी देवगड तालुक्यात आली. नवऱ्याने इथेच घरच्या कलमांचं काम हातात घेतलं. मुलगा गावच्या शाळेत जाऊ लागला. पाच वर्षं तिचं काम घरूनच चाललं आणि कंपनीकडून कधी तक्रार आली नाही.

एप्रिल २०२५मध्ये मेल आला. ३० जूनपासून 'लवचीक हायब्रिड धोरण' लागू होणार होतं. घरापासून ऑफिस चारशे किलोमीटरहून लांब. कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी पकडायची, पहाटे ठाण्याला उतरायचं आणि तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली. गाव ते कणकवली हा प्रवास निराळाच.

मे महिन्यात ती धोरणाची छापील प्रत घेऊन माझ्याकडे आली. मोसम संपत आला होता आणि ओटीवर आंब्याच्या रिकाम्या पेट्या पडल्या होत्या. म्हणाली, "दादा, हे वाचून मला फक्त एवढंच सांगा, मला मुंबईला जावं लागणार की नाही?"

## धोरणात काय लिहिलं होतं

धोरण साडेपाच पानांचं होतं. पहिल्या पानावर 'लवचीक' हा शब्द चार वेळा आला होता. कामाची वाक्यं चौथ्या पानावर होती. मूळ इंग्रजी होतं, त्याचा मथितार्थ असा:

आठवड्यातून किमान तीन दिवस ऑफिसात हजेरी. कोणते दिवस ते टीमच्या गरजेनुसार मॅनेजर ठरवेल आणि गरजेप्रमाणे बदलेल. हजेरी प्रवेशद्वारावरच्या कार्डाच्या नोंदीवरून मोजली जाईल. घरच्या कामाच्या जागेसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत मिळेल. घरून काम करताना वीज आणि इंटरनेट ही कर्मचाऱ्याची जबाबदारी. खंड पडला तर त्या दिवशी ऑफिसात यावं किंवा सुटी टाकावी.

शेवटचं वाक्य वाचून मानसी हसली. देवगडात दुपारी दोनला लाइट गेली तर ऐरोलीच्या ऑफिसात कधी पोचणार?

मला चिंता दुसऱ्याच गोष्टींची होती, कारण त्या धोरणात नव्हत्याच. आठवडा कुठून कुठे मोजायचा? एका आठवड्यात चार दिवस भरले तर जास्तीचा दिवस पुढच्या आठवड्यात जमा होतो का? मंजूर सुटी तीन दिवसांतून वजा होते, की सुटी घेऊनही तीन दिवस भरायचेच? मॅनेजरने दिलेली सवलत कुठे नोंदवायची? या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर 'तीन दिवस' या शब्दांना अर्थ नाही. तेच वाक्य एकाला वर्षाला दीडशे दिवस पडतं आणि दुसऱ्याला सव्वाशे.

त्याच वेळी तिचं नेमणूकपत्रही काढायला लावलं. त्यात कामाचं ठिकाण 'नवी मुंबई' असंच होतं. पाच वर्षं घरून काम केलं म्हणून ते ठिकाण बदललेलं नव्हतं. 'एवढी वर्षं चाललं, आता कसं बोलावतात' असा तिचा सूर होता आणि भावना म्हणून तो मला कळतो. पण भांडण्यासाठी तो पाया कच्चा होता. घरून काम ही कंपनीने दिलेली मोकळीक होती, करारातली अट नव्हती.

## खरी अडचण

टीम लीडरने मंगळवार, बुधवार, गुरुवार असे दिवस ठरवले. मुंबई-पुण्यातल्या बहुतेकांना ते सोयीचे वाटले. मानसीला त्याचा अर्थ असा होता: सोमवारी रात्री गाडी, मंगळवार आणि बुधवारची रात्र ऐरोलीत, गुरुवारी रात्री परतीची गाडी आणि शुक्रवारी सकाळी घरी येऊन थेट लॅपटॉपसमोर. दर आठवड्याला. चार आठवड्यांत आठ रात्री रेल्वेत.

तिच्या सासूबाईंनी हिशोब एका वाक्यात मांडला होता: "तीन दिवस थंय नि दोन रात्री गाडयेत, मगे घराक काय रवला?"

दुसरी गोष्ट मुंबईतल्या माणसाच्या लक्षात येत नाही. कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. आधी ही मुदत १२० दिवसांची होती, नोव्हेंबर २०२४पासून ती निम्म्यावर आली. सणाच्या गाड्या सकाळी आठला खिडकी उघडताच भरतात. म्हणजे मानसीला आपले ऑफिसचे दिवस दोन महिने आधी माहीत असायला हवेत. आणि धोरण म्हणतं, दिवस गरजेनुसार बदलतील. 'लवचीक' शब्दाची खरी बाजू ही. लवचिकता कुणाच्या हातात आहे ते बघावं लागतं. दिवस बदलायचा अधिकार मॅनेजरला असेल आणि नोटीस तीन दिवसांची असेल, तर ऐरोलीत राहणाऱ्याला ती किरकोळ गैरसोय आहे. कणकवलीहून येणाऱ्याचं मात्र तिकीट वाया जातं.

भरीला पावसाळा. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग कमी होतो आणि दरड आली की सगळंच अडतं. त्या वर्षी तर पाऊस मे संपायच्या आतच आला होता.

## पर्याय तोलताना

मानसीचा पहिला विचार होता पूर्ण घरून कामाची परवानगी मागायचा. मी थांबवलं. त्या धोरणात अशी परवानगी फक्त वैद्यकीय कारणासाठी होती, दरवर्षी नव्याने घ्यायची होती, आणि तिच्यासोबत कामाचं ठिकाण अधिकृतपणे गावाला हलवायची अट होती. ठिकाण हललं की पगाराची श्रेणी 'स्थानिक निकषांनुसार' पुन्हा ठरवता येईल असं परिशिष्टात होतं. मागून मिळालं असतं तरी महागात पडलं असतं.

नोकरी सोडून पूर्ण घरून काम देणाऱ्या एका लहान कंपनीत जाणं हा दुसरा पर्याय. हातात येणारी रक्कम पाचव्या हिश्श्याने कमी आणि तीही कंत्राटावर, पीएफशिवाय. तिने दोन दिवस विचार करून तो बाजूला ठेवला. ऐरोलीला बिऱ्हाड हलवायचं तर कलमं कोण बघणार, म्हणून तेही नाही.

उरला प्रश्न, जायचंच आहे तर कसं जायचं. इथे आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं उत्तर आलं.

माझी कल्पना अशी होती की दिवस निवडायची मोकळीक मिळवायची आणि शनिवार-रविवार मध्ये घालून दोन आठवडे जोडायचे. एका आठवड्याचे बुध-गुरु-शुक्र आणि पुढच्याचे सोम-मंगळ-बुध. एका फेरीत दोन्ही आठवड्यांचे तीन-तीन दिवस भरतात आणि नियमही मोडत नाही. चार आठवड्यांत चारऐवजी दोनच फेऱ्या. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं.

मानसीने घरी असण्याचे दिवस मोजले. ठरलेल्या मंगळ-बुध-गुरुमध्ये ती चौदा दिवसांत आठ दिवस घरी असणार होती. माझ्या योजनेत सहाच, कारण मधला शनिवार-रविवारही मुंबईत जात होता. फेऱ्या निम्म्या झाल्या, पण मुलाला आई कमी मिळाली. मी प्रवास वाचवत होतो, तिला घर वाचवायचं होतं. माझी योजना तिथेच संपली.

मग तिने स्वतःच तिसरी मांडणी काढली. चार आठवड्यांत बारा दिवस हवेत ना? तीन आठवडे सोमवार ते गुरुवार चार-चार दिवस आणि चौथा आठवडा पूर्ण घरी. फेऱ्या तीन, रेल्वेतल्या रात्री सहा. अठ्ठावीस दिवसांत घरी सोळा दिवस, म्हणजे दर आठवड्याच्या मांडणीइतकेच. शिवाय महिन्यात एक सलग आठवडा मोकळा. तो अतिवृष्टीत, गणपतीत किंवा कलमांच्या कामात जिथे हवा तिथे सरकवता येणार. टीमच्या बाजूनेही यात फारसं नुकसान नव्हतं. चारपैकी तीन आठवडे ती मंगळ-बुध-गुरु तिन्ही दिवस हजरच असणार होती.

याला एकच अट लागत होती. मोजमाप आठवड्याचं नको, चार आठवड्यांचं हवं. तीनचे दोन दिवस करा अशी विनंती करण्यापेक्षा ही मागणी कितीतरी स्वस्त आहे, कारण कंपनी एकही दिवस सोडत नाही. दूर राहणाऱ्या माणसाने दिवसांच्या संख्येआधी मोजायच्या मुदतीवर बोलावं हे मला या प्रकरणात पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

## काय केलं

जूनच्या पहिल्या आठवड्यात मानसीने एचआरला मेल केला. त्यात वर सांगितलेले चार प्रश्न होते आणि पाचवी विनंती, चार आठवड्यांच्या मोजणीची. उत्तर बारा दिवसांनी आलं. आठवडा सोमवार ते शुक्रवार. जास्तीचे दिवस पुढे जमा होण्याबद्दल 'विचार चालू आहे'. सुटीबद्दल 'सामान्य समजुतीने घेतलं जाईल'. आणि विनंतीबद्दल 'आपल्या मॅनेजरशी बोला'.

ती टीम लीडरशी बोलली. तो भला माणूस. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं उत्तर आलं, "चालेल, अ‍ॅडजस्ट करू. कामावर परिणाम नको फक्त." मानसीने मला स्क्रीनशॉट पाठवला, सोबत हात जोडल्याचं चिन्ह. मीही 'छान झालं' लिहून पाठवलं. माझी चूक तिथेच झाली, पण तिच्याकडे नंतर येतो.

ऐरोलीत दोन सहकाऱ्यांच्या खोलीत तिने महिना साडेसहा हजारांत एक खाट घेतली. तीन फेऱ्यांचे प्रवासाचे साडेसात हजार. म्हणजे आधी शून्य असलेला खर्च महिना चौदा हजारांवर गेला, जेवणखाण वेगळं. याची भरपाई धोरणात कुठे नव्हती. ऑफिसला येण्याचा खर्च कर्मचाऱ्याचा, हे सगळीकडे गृहीत असतं.

### साहित्याची मदत

'पंधरा हजारांपर्यंत मदत' हे वाचून मानसीने एप्रिलमध्येच कणकवलीच्या बाजारातून साडेसहा हजारांची खुर्ची आणली होती. दुकानदाराने साध्या पावतीपुस्तकावर पावती दिली. कंपनीने ती परत केली: जीएसटी क्रमांकाचं बिल हवं आणि खरेदीची तारीख धोरण लागू झाल्यानंतरची हवी. दोन्ही अटी मेलमध्ये नव्हत्या, दावा भरायच्या पोर्टलवर होत्या. खुर्चीचे पैसे गेले.

मग आम्ही पोर्टलवरची यादी नीट वाचली. खुर्ची, टेबल, मॉनिटर, हेडफोन चालतात. इन्व्हर्टर आणि बॅटरी चालत नाही, कारण ते 'घरगुती उपकरण'. एका वर्षाच्या आत नोकरी सोडली तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात पैसे वसूल होणार. म्हणजे ही मदत काही अंशी उसनवारीच होती. इंटरनेटचे महिना आठशे रुपये वेगळे आणि तेही बिल दाखवूनच. हे एका अर्थी बरं. बिलाशिवाय दरमहा ठरावीक भत्ता दिला असता तर तो पगारात धरून त्यावर कर लागला असता.

इन्व्हर्टर नाकारणं मात्र बोचलं. कोकणात घरून काम करायला खुर्चीआधी वीज लागते. मानसीकडे १५० अँपिअर-अवरची जुनी बॅटरी होती. बारा व्होल्टने गुणलं तर १,८०० वॅट-अवर. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, म्हणून हातात येतात साधारण अकराशे-बाराशे. लॅपटॉप ६० वॅट, मॉनिटर २५, राउटर आणि फायबरची डबी मिळून १५, जुना पंखा ७५. म्हणजे साडेसहा तास. तिने पंखा बदलून तीस वॅटचा बीएलडीसी घेतला आणि तेच काम पावणेनऊ तासांपर्यंत गेलं. सगळ्यात स्वस्तात झालेली सुधारणा हीच.

पण जुलैमध्ये एका दुपारी बॅटरी भरलेली असूनही नेट गेलं. फायबरच्या डबीवर LOS नावाचा दिवा लाल लुकलुकत होता. प्रकाशाचा सिग्नल डबीपर्यंत पोचत नसला की तो लागतो. एक तर वाटेत तार तुटलेली असते, नाहीतर ऑपरेटरकडचं यंत्र बंद पडलेलं असतं. शेजारचा PON नावाचा दिवा हिरवा आणि स्थिर असता तर तार ठीक आहे, घोटाळा पुढे कुठेतरी आहे असं समजलं असतं. तिने ऑपरेटरला फोन केला तेव्हा कळलं की झाड पडलेलं नाही, त्याच्याच केंद्रावरची बॅटरी तीन तासांत उतरली होती. घरात कितीही बॅकअप ठेवा, पलीकडच्या टोकाचा बॅकअप तुमच्या हातात नसतो. तेव्हापासून दुसऱ्या कंपनीचं मोबाइल सिम हॉटस्पॉटसाठी तयार असतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, खंड पडला की किती वाजता पडला आणि कुठला दिवा लागला ते ती लिहून ठेवते. 'सुटी टाका' असं कुणी म्हणालं तर हातात नोंद असावी.

## पेच कुठे उघडा पडला

३० जूनपासून मानसीने आपली मांडणी सुरू केली. पहिले तीन आठवडे चार-चार दिवस. २१ जुलैचा आठवडा घरी. मग पुन्हा चार-चार दिवस. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. म्हणून पुढचा घरचा आठवडा तिने एक आठवडा पुढे ढकलला, सलग चार आठवडे ऑफिस केलं आणि २५ ऑगस्टचा आठवडा घरी ठेवला. त्यातही तीन दिवस रीतसर सुटी मंजूर करून घेतली. गौरी-गणपती घरी, सासूबाई खूश.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्वयंचलित मेल आला: तुमची हजेरी ७८ टक्के, अपेक्षित ९०. सलग दोन तिमाही कमी राहिल्यास वार्षिक मूल्यमापनात नोंद होईल.

मी तिच्या डायरीतून दिवस मोजले. नऊ आठवड्यांत ती अठ्ठावीस दिवस ऑफिसात होती. आठवड्याला तीन या हिशोबाने नऊ आठवड्यांचे सत्तावीस होतात. म्हणजे मागितले त्याहून एक दिवस जास्त भरून ती नापास झाली होती. त्यात सणाची सरकारी सुटी आणि मंजूर रजा वजा केल्याच नव्हत्या. केल्या असत्या तर अपेक्षा आणखी खाली आली असती.

कारण यंत्र दिवस मोजत नव्हतं, ते 'पास झालेले आठवडे' मोजत होतं. तीन किंवा जास्त नोंदी असलेला आठवडा पास, बाकीचा नापास. चार दिवस भरलेला आठवडा आणि तीन दिवस भरलेला आठवडा त्याला सारखाच. नऊपैकी सात पास, म्हणून ७८. पूर्ण आठवडा रजेवर असलेला माणूसही या पद्धतीत नापास ठरतो. ही सेटिंग कुणी तरी विचार न करता लावली असणार असं माझं मत आहे. त्या खुर्चीवर मी बसलोय; डॅशबोर्ड विकणाऱ्याने जे आधीच लावून दिलेलं असतं तेच पुष्कळदा चालू राहतं.

मानसीने टीम लीडरला फोन केला. तो ऑगस्टमध्येच दुसऱ्या प्रकल्पावर गेला होता. नव्या मॅनेजरने शांतपणे विचारलं, "ही सवलत सिस्टममध्ये कुठे आहे?" ती कुठेच नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'अ‍ॅडजस्ट करू' दाखवल्यावर एचआरने कळवलं की अपवाद हजेरी पोर्टलवर मॅनेजरने कोड टाकून नोंदवला तरच ग्राह्य. तसा रकाना पोर्टलवर जुलैपासून होता. तो भरायचा असतो हे त्या लीडरलाही माहीत नव्हतं.

मग आम्ही एका पानाचं पत्र केलं. त्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता. वर नऊ आठवड्यांचा तक्ता, प्रत्येक आठवड्यापुढे नोंदींची संख्या, खाली दोन बेरजा: अठ्ठावीस आणि सत्तावीस. मग दोन मागण्या. मोजणी चार आठवड्यांची करावी, आणि मंजूर रजा व सरकारी सुटी अपेक्षित दिवसांतून वजा व्हाव्यात. तिकिटं साठ दिवस आधी काढावी लागतात, म्हणून वेळापत्रकात बदल करायचा असेल तर तेवढ्या आधी कळवावं अशी विनंती शेवटी घातली. नव्या मॅनेजरने आधी फोनवर 'बघतो' म्हटलं. मानसीने त्याच संध्याकाळी 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे' असा मेल टाकला. पहिल्या वेळी हे राहून गेलं होतं.

## निष्पत्ती

ऑक्टोबरच्या मध्याला उत्तर आलं. चार आठवड्यांत बारा दिवसांची मोजणी मंजूर, पोर्टलवर कोडसह, ३१ मार्च २०२६पर्यंत. मंजूर रजा वजा करण्याचा बदल तर सगळ्यांसाठीच झाला. तिच्या आधी अजून कुणी कुणी तक्रार केली असणार. साठ दिवसांच्या सूचनेबद्दल 'शक्य तितक्या आधी' एवढंच. जुलै-ऑगस्टचे ७८ टक्के रेकॉर्डवर तसेच राहिले, फक्त पुढे शेरा आला. इन्व्हर्टर नाकारलेलाच राहिला. मदतीच्या रकमेतून तिने मॉनिटर आणि जीएसटीच्या बिलासह दुसरी खुर्ची घेतली, ती ऐरोलीच्या खोलीत नाही, गावच्या घरीच आली.

डिसेंबरअखेरपर्यंतचे तिचे आकडे बरोबर भरले. पैशाच्या हिशोबात मात्र ती दरमहा चौदा हजारांनी मागे आहे. पगारवाढ झाली तरी तो खड्डा अजून पूर्ण भरलेला नाही.

## पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, मी 'छान झालं' असं लिहून पाठवणार नाही. जूनमध्ये लीडरचा होकार आल्या दिवशीच विचारायला हवं होतं की ही गोष्ट कुठल्या स्क्रीनवर दिसणार आहे. जी सवलत मोजणाऱ्या यंत्राला माहीत नाही ती सवलत नाही, ती एका माणसाचा चांगुलपणा आहे, आणि ते माणूस बदलतं.

दुसरं, पहिल्या दोन आठवड्यांनंतर डॅशबोर्ड उघडून बघायला हवा होता. तो कर्मचाऱ्यालाही दिसत होता. जुलैच्या चौथ्या आठवड्यात, पहिला घरचा आठवडा संपताच, तिथे लाल खूण उमटली असणार. तेव्हाच बोललो असतो तर गणपतीचा आठवडा वाचला असता. मानसी म्हणते, कामाच्या धबडग्यात हजेरीचं पान कोण उघडतं. खरं आहे. पण ज्याची तीन फेऱ्यांची तिकिटं त्या पानावर अवलंबून आहेत त्याने महिन्यातून एकदा तरी उघडावं.

खुर्ची आधी घ्यायची घाई नको होती, हे आता सांगणं सोपं आहे. मेलमध्ये रक्कम असते आणि अटी दाव्याच्या पानावर असतात, एवढं कळलं.

आणि एका बाबतीत मला अजून खात्री नाही. मुदत सहा महिन्यांची मागायला हवी होती की वर्षाची? आम्ही मुदत मागितलीच नव्हती, ती त्यांनी घातली. मला वाटलं होतं, मुदत न लिहिली तर सवलत कायमची मानली जाईल. उलट झालं. कोरी जागा सोडली की ती समोरचा भरतो.

४ फेब्रुवारीला सकाळी आठला ५ एप्रिलच्या, रविवारच्या गाडीचं आरक्षण उघडलं. ३१ मार्चनंतर नियम काय असेल हे तोवर कंपनीने कळवलेलं नव्हतं. मानसीने तिकीट काढलं, परतीचं गुरुवारचं चार दिवसांनी त्याचं आरक्षण उघडल्यावर. शिवाय ६ एप्रिलचं, सोमवारी रात्रीचं आणखी एक काढून ठेवलं, मंगळ-बुध-गुरु परत आलेच तर. दोन्हींतलं एक रद्द करावं लागणार, तेवढे पैसे कापले जातील. "ते मी इन्व्हर्टरच्या खात्यात लिहिलेत, दादा," ती म्हणाली.